अंक बरोबर, घात चुकलेला: युनिट कन्व्हर्जनमधली तीच ती चूक पकडायची कशी

लक्षण नेहमीचंच आहे. सूत्र बरोबर, किमती बरोबर, लॉग टेबलही नीट पाहिलेलं, आणि उत्तर मात्र भलतंच. अकरावी-बारावीची मुलं वही पुढे करतात आणि म्हणतात, "मॅडम, सगळं बरोबर आहे, फक्त पॉवर चुकली." मग उत्तरसूचीत बघून पॉवर खोडून नवी लिहिली जाते, बाजूला बरोबरची खूण होते, आणि पुढच्या वर्कशीटवर तोच प्रकार पुन्हा. फिजिक्सच्या गणितात सुधारलेली चूक केमिस्ट्रीच्या गणितात जशीच्या तशी उगवते.

ती पुन्हा उगवते कारण खोडलं जातं ते उत्तर, बिघाड तसाच राहतो. युनिट कन्व्हर्जनच्या चुकांची एक सोय अशी की त्या मागे पुरावा ठेवून जातात. म्हणून उत्तर खोडायच्या आधी एक काम करायचं: चुकलेल्या आणि बरोबर उत्तरांपैकी मोठ्याला लहानाने भागायचं आणि येणारा आकडा समासात लिहायचा. उत्तर किती पटीने चुकलं ते कळलं, की कुठे चुकलं हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे सापडतं.

या भागाकारातून पहिला प्रश्न असा सुटतो: अंक तेच आहेत का? बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे आपल्या मुलांना हे समजायला सोपं जातं. लॉगचे दोन भाग असतात. मॅंटिसा टेबलातून येतो आणि तो अंक ठरवतो. कॅरॅक्टरिस्टिक आपण हाताने लिहितो आणि तो दशांशचिन्हाची जागा ठरवतो. किलो, मिली, नॅनो, पिको हे सगळे प्रिफिक्स दहाचे घात असल्यामुळे त्यांच्यात झालेली चूक फक्त कॅरॅक्टरिस्टिक बिघडवते, मॅंटिसाला हातही लावत नाही. त्यामुळे अंक तेच आणि घात वेगळा असेल तर चूक प्रिफिक्समध्ये शोधायची. अंकच बदलले असतील तर प्रिफिक्सच्या मागे लागण्यात अर्थ नाही, दोष दुसरीकडे आहे. ही पहिली फाळणी झाली की निम्मं काम होतं.

तांब्याचं गणित, 10²⁰ पटीने चुकलेलं

बारावीच्या केमिस्ट्रीत सॉलिड स्टेटमध्ये हे गणित असतंच. तांब्याची रचना एफसीसी, म्हणजे एका युनिट सेलमध्ये चार अणू. कडेची लांबी ३६१ पिकोमीटर, मोलर मास ६३.५५ ग्रॅम प्रति मोल. घनता काढा.

बरोबर वाट अशी:

```
a  = 361 pm = 361 × 10⁻¹² m = 3.61 × 10⁻⁸ cm
a³ = 47.05 × 10⁻²⁴ cm³
ρ  = (4 × 63.55) / (6.022 × 10²³ × 47.05 × 10⁻²⁴)
   = 254.2 / 28.33
   = 8.97 g/cm³
```

आता वहीत काय होतं ते बघा. मुलगी आधी ३६१ चा घन करते, कारण सूत्रात a³ आहे आणि हातातला आकडा ३६१ आहे. उत्तर येतं 4.705 × 10⁷, त्यापुढे ती pm³ लिहिते. इथपर्यंत काहीच चुकलेलं नाही. मग तिला आठवतं की सेंटीमीटर हवेत. पिकोमीटरचे सेंटीमीटर करायला 10⁻¹⁰ ने गुणायचं, हे तिला पाठ आहे. ती गुणते आणि 4.705 × 10⁻³ cm³ असं लिहून मोकळी होते. घनता येते 8.97 × 10⁻²⁰ g/cm³.

अंक ८.९७, अगदी बरोबर. घात मात्र वीसने खाली. या विसात सगळी गोष्ट आहे. पिको ते सेंटी एका लांबीसाठी दहा घातांचा फरक आहे. घनफळात लांबी तीनदा येते, म्हणून तीस घात लागणार होते. तिने दहा लावले, वीस राहिले. उत्तर वीस घातांनी चुकलं ते हेच उरलेले वीस.

नियम एका ओळीचा आहे आणि एसआय पद्धतीत तो स्पष्ट सांगितलेला आहे: प्रिफिक्स आणि एकक मिळून एकच चिन्ह होतं, आणि वर लिहिलेला घात त्या अख्ख्या चिन्हाला लागतो. cm³ म्हणजे (cm)³, c(m³) नव्हे. मुलं मनातल्या मनात दुसरं वाचतात. "सेंटी" बाजूला ठेवतात आणि घन फक्त मीटरला देतात. "घनसेंटीमीटर" हा शब्द रोज तोंडात असला तरी वहीवर हात दुसरंच करतो.

यावर सांगण्यासारखा एकच उपाय मला माहीत आहे, आणि तो क्रमाचा आहे. आधी एकक बदलायचं, मग घात करायचा. सूत्रात किंमत घालण्यापूर्वी, "दिलेलं" या ओळीतच ३६१ पिकोमीटरचं 3.61 × 10⁻⁸ cm करून ठेवायचं. मग घन करताना कंसासकट सगळ्याचा घन होतो आणि 10⁻⁸ चे 10⁻²⁴ होणं टळत नाही. घन करून झाल्यावर कन्व्हर्जन करायला गेलं की ही चूक ठरलेली.

दीड एमएमची वायर

तीच चूक फिजिक्समध्ये कशी दिसते ते बघू, कारण मिसळलेल्या वर्कशीटचा उपयोग इथेच होतो. लोहार चाळीत वायर आणायला गेलात तर दुकानदार विचारतो, "दीड एमएम की अडीच?" तो बोलतोय क्षेत्रफळाबद्दल. दीड चौरस मिलिमीटर छेद असलेली वायर. "चौरस" बोलण्यात गळून जातं, कारण त्या गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक आहे. वर्कशीटवर मात्र ते गळून चालत नाही.

गणित: १.५ चौरस मिलिमीटर छेदाची, २० मीटर लांबीची तांब्याची वायर. तांब्याची रोधकता 1.68 × 10⁻⁸ Ω·m. रोध किती?

```
A = 1.5 mm² = 1.5 × (10⁻³ m)² = 1.5 × 10⁻⁶ m²
R = (1.68 × 10⁻⁸ × 20) / (1.5 × 10⁻⁶) = 0.224 Ω
```

पाव ओहमच्या जरा आत. दहा अँपिअरचा प्रवाह गेला तर सव्वादोन व्होल्ट या वायरमध्येच खर्च होतील, आणि परतीच्या तारेचे तेवढेच आणखी. घरातल्या लांब वायरिंगसाठी हे पटण्यासारखं आहे.

याच गणिताची दोन चुकीची उत्तरं माझ्याकडे वारंवार येतात. एक 2.24 × 10⁻⁴ Ω. अंक तेच, घात तीनने चुकलेला. लागायला हवे होते सहा, लावले तीन, उरले तीन. तांब्याच्या गणितातल्या मुलीचाच हा आजार आहे, फक्त घनाच्या जागी वर्ग आला. दुसरं उत्तर ०.१९० Ω. इथे अंकच बदलले. भागाकार १.१८ येतो. हा दहाचा घात नाही, म्हणजे प्रिफिक्स निर्दोष आहे. मुलाने दीड हा व्यास धरला, त्रिज्या ०.७५ घेतली आणि क्षेत्रफळ १.७७ चौरस मिलिमीटर काढलं. त्याला एकक शिकवत बसण्यात काही हशील नाही. गणितात दिलेली राशी कोणती आहे हे त्याने वाचलेलं नाही, एवढंच.

दोघांनाही शिक्षक "युनिट नीट लिही" असं एकच वाक्य ऐकवतात. पहिल्याला ते थोडंफार लागू पडतं, दुसऱ्याला अजिबात नाही.

उरलेला घात वाचायचा कसा

आता हे जरा नेमकं मांडता येतं. एका लांबीसाठी प्रिफिक्सचा फरक n घातांचा आहे असं धरा, आणि एकक p या घाताला आहे. लांबीला p एक, क्षेत्रफळाला दोन, घनफळाला तीन. अंक बरोबर असतील तर चूक बहुधा या तीनपैकी एक असते:

```
n × (p − 1)   प्रिफिक्सला घात दिला नाही
n × p         कन्व्हर्जन केलंच नाही
2 × n × p     उलट्या दिशेने केलं
```

तांब्यात n दहा आणि p तीन, म्हणून पहिल्या ओळीप्रमाणे वीस. वायरमध्ये n तीन आणि p दोन, म्हणून तीन. तिसरी ओळ बघण्यासारखी आहे, कारण तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. भागायच्या ऐवजी गुणलं तर चूक दुप्पट घातांची होते: एकदा करायचं राहिलं म्हणून, आणि वर उलटं केलं म्हणून. मिलिलिटरचं लिटर करताना हजाराने गुणणारा मुलगा 10⁶ पटीने चुकतो, 10³ पटीने नाही.

हे फक्त दहाच्या घातांपुरतं नाही. अंधेरी फास्ट लोकल ताशी ९० किलोमीटरने चाललीय, तिचा वेग मीटर प्रति सेकंदात काढा. बरोबर उत्तर २५. एका वहीत ३२४ येतं. भागाकार १२.९६, म्हणजे ३.६ गुणिले ३.६. मुलाने ३.६ ने भागण्याऐवजी गुणलं. (३२४ मीटर प्रति सेकंद म्हणजे लोकल जवळजवळ आवाजाच्या वेगाने धावतेय. प्लॅटफॉर्मवर उभं राहून हे उत्तर कोणी लिहिलं नसतं.) नुसतं ९० ठेवून पुढे गेला असता तर भागाकार ३.६ आला असता.

पण सावध. त्याच लोकलची गतिज ऊर्जा विचारली असेल तर वेगाचा वर्ग होतो, आणि १२.९६ चा अर्थ बदलतो. तिथे १२.९६ म्हणजे कन्व्हर्जन केलंच नाही, उलटं केलेलं नाही. उलटं केलं असतं तर १६८ च्या आसपास आला असता. म्हणून भागाकार वाचण्याआधी ती राशी सूत्रात कितव्या घाताला आहे ते बघायचंच. हे न बघता मुलाला "तू उलटं केलंस" असं सांगितलं तर तो बिचारा जी चूक केलीच नाही ती सुधारत बसतो.

१०१.३: प्रिफिक्सचं सोंग घेणारी चूक

केमिस्ट्रीतल्या वायूंच्या गणितांत एक चूक अशी आहे की ती या पद्धतीलाही चकवते. ४९.२६ लिटरच्या भांड्यात १ ॲटमॉस्फिअर दाबाला आणि ३०० केल्विनला वायू आहे. किती मोल?

```
n = pV / RT = (1 × 49.26) / (0.0821 × 300) = 2.00 mol
```

ज्या मुलांचा हात फिजिक्सवर जास्त बसलाय ती R ची किंमत ८.३१४ घालतात. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि घनफळ लिटरमध्ये तसंच राहतं. उत्तर ०.०१९७५ मोल. आता कोणी ते दोन दशांशांपर्यंत गुंडाळून ०.०२ केलं की अंक "बरोबर" दिसतात आणि घात दोनने चुकल्यासारखा वाटतो. मग सगळे मिळून सेंटीचा शोध घेत बसतात, आणि या गणितात सेंटी कुठेच नाही.

म्हणून भागाकार गुंडाळायचा नाही. २.०० भागिले ०.०१९७५ केलं तर १०१.३ येतो, १०० नाही. १०१.३ हा आकडा दिसला की दुसरं काही शोधायचं कारण नाही. एक लिटर-ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ जूल. R च्या दोन किमती म्हणजे एकच स्थिरांक दोन वेगवेगळ्या एककांत लिहिलेला आहे, आणि या मुलाने एकाची किंमत दुसऱ्याच्या एककांसोबत वापरली.

दुरुस्ती दोन्ही बाजूंनी होते. एक तर ०.०८२१ वापरा, किंवा ८.३१४ ठेवा आणि बाकी सगळं एसआयमध्ये न्या: दाब १,०१,३२५ पास्कल, घनफळ ०.०४९२६ घनमीटर. उत्तर तेच २.०० येतं. मी मुलांना दुसरा रस्ता धरायला सांगते. R ची एकच किंमत लक्षात ठेवावी लागते, आणि फिजिक्सच्या तासाला काहीच वेगळं करावं लागत नाही. काही केमिस्ट्री शिक्षकांना हे पटत नाही, कारण लिटर आणि ॲटमॉस्फिअरमधली आकडेमोड सुटसुटीत होते. खरंच होते. पण मुलगा दोन किमतींमध्ये घोटाळा करत असेल तर सुटसुटीतपणा काय कामाचा?

याच कुटुंबातली एक बारीकशी चूक: भागाकार १.०१३ आला तर घाबरू नका. कोणीतरी एसटीपीला १ बार धरलाय आणि कोणीतरी १ ॲटमॉस्फिअर. आययूपॅकने १९८२ पासून १ बार मानलाय, त्यामुळे मोलर घनफळ २२.७ लिटर होतं. जुन्या सवयीचं २२.४ लिटर १ ॲटमॉस्फिअरचं आहे. वर्कशीटवर कोणतं धरायचं ते वरच लिहून टाका आणि विषय संपवा.

भागाकाराचा इलाज चालत नाही ती जागा म्हणजे तापमान. सेल्सिअसचं केल्विन करताना गुणाकार नसतो, २७३ मिळवायचे असतात. त्यामुळे ठरावीक भागाकार येतच नाही. २७ अंशांच्या गणितात तो ११.१ येईल, १२७ अंशांच्या गणितात ३.१५. मीटरमध्ये सेंटीमीटर तसेच मिळवले तरी असंच होतं, बेरजेत गेलेली चूक कसलाच माग ठेवत नाही. म्हणून भागाकार ओळखीचा वाटत नसेल तर आधी तापमान बघायचं, मग अधिक-उण्याच्या चिन्हांच्या दोन्ही बाजूंची एककं, आणि त्यानंतर सूत्र.

उत्तरसूची नसेल तेव्हा

परीक्षेत भागायला बरोबर उत्तर नसतं. तिथे आवाक्याचा अंदाज लागतो, आणि तो अंदाज आपल्या ओळखीच्या गोष्टींवर बसवलेला असेल तरच ऐनवेळी आठवतो. घन पदार्थांची घनता बघा. पृथ्वीवर सगळ्यात घट्ट मूलद्रव्य ऑस्मिअम, त्याची घनता २२.६ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. तांब्याचं उत्तर 8.97 × 10⁻²⁰ आलं तर ते हवेपेक्षाही अब्जावधी पटीने विरळ तांबं झालं. हे एवढं लक्षात असेल तर पेपर देण्याआधी मुलगी स्वतःच थांबेल.

मुंबईकरांना घनफळाचा अंदाज देण्यासाठी मी तुळशी तलाव वापरते. पावसाळ्यात तलाव भरले की पेपरात क्षमता छापून येते: तुळशी ८,०४६ दशलक्ष लिटर. वर्कशीटवर प्रश्न असा की हे घनकिलोमीटरमध्ये लिहा.

```
8046 × 10⁶ L × 10⁻³ m³/L = 8.046 × 10⁶ m³
1 km³ = (10³ m)³ = 10⁹ m³
8.046 × 10⁶ / 10⁹ = 0.008046 km³
```

घनमीटरपर्यंत बहुतेक सगळे पोचतात. शेवटच्या पायरीला "किलो म्हणजे हजार" म्हणून हजाराने भागतात आणि ८,०४६ घनकिलोमीटर लिहितात. आकडा बघा, ८,०४६, पेपरात छापलेला तोच. ओळखीचा दिसतो म्हणून शंकाही येत नाही. पण महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. ८,०४६ घनकिलोमीटर पाणी त्यावर पसरलं तर साधारण ०.०२६ किलोमीटर, म्हणजे २६ मीटर उंच उभं राहील. अख्खं राज्य, आठ मजले पाण्याखाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, मीटरभरही नाही, आणि त्यात शहराचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तुळशी तर मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांत सगळ्यात लहान.

आणि हो, ही चूक 10⁶ पटीची आहे. n तीन, p तीन, एक लांबी लावली आणि दोन उरल्या.

वर्कशीट मिसळायचं म्हणजे काय करायचं

घनतेची दहा गणितं ओळीने दिली की तिसऱ्यानंतर मुलं विचार थांबवतात आणि प्रत्येकाला हजाराने गुणत सुटतात. दहाही बरोबर येतात. एकक कळलंय असं सगळ्यांना वाटतं, आणि चाचणीत बिंग फुटतं. म्हणून वर्कशीट मिसळताना "पाच फिजिक्सची, पाच केमिस्ट्रीची" एवढ्याने भागत नाही. दिसायला सारखी पण आतून वेगळी गणितं एकमेकांना खेटून ठेवावी लागतात. ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरचे किलोग्रॅम प्रति घनमीटर, लगेच पुढे घनसेंटीमीटरचे घनमीटर, त्यानंतर मोल प्रति घनडेसीमीटरचे मोल प्रति घनमीटर. तीन ओळींत गुणक हजार, दशलक्षांश आणि पुन्हा हजार. सवयीने करणारा मुलगा दुसऱ्या ओळीत सापडतो.

तिसऱ्या ओळीतल्या "डेसी"कडे खास लक्ष द्या. योट्टापासून योक्टोपर्यंत प्रिफिक्सचा तक्ता पाठ करून घेण्याची हौस बऱ्याच क्लासना आहे, आणि २०२२ मध्ये क्वेट्टा आणि क्वेक्टो आल्यापासून तक्ता आणखी लांबला. अकरावी-बारावीच्या गणितांत त्यातले मूठभरच लागतात. डेसी मात्र लागतो, तोही रोज, कारण केमिस्ट्रीत लिटरच्या जागी सर्रास dm³ लिहिलेलं असतं. फिजिक्समध्ये डेसी भेटतच नाही, फार तर डेसिबलमध्ये, म्हणून त्याचा सराव झालेला नसतो. "डेसी म्हणजे दशांश" म्हणून घनडेसीमीटर म्हणजे घनमीटरचा दशांश असं धरलं की एक लिटरचे शंभर लिटर होतात. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत मग फक्त दहा घनडेसीमीटर पाणी मावेल.

अक्षरांचाही एक घोळ आहे, तो पटकन सांगून टाकते. हाताने लिहिलेला μ घाईत m सारखा दिसतो, आणि दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दहा मिलिफॅरडचा होतो. भागाकार हजार. थायरॉइडच्या गोळ्यांच्या पाकिटावर मायक्रोग्रॅमसाठी mcg छापलेलं असतं ते याच गोंधळाच्या भीतीने. वहीत μ ची खालची शेपटी मुद्दाम लांब काढायला लावा. केमिस्ट्रीत तर M म्हणजे मोलर आणि m म्हणजे मोलल, शिवाय mM म्हणजे मिलिमोलर. तिथे अक्षर लहान की मोठं हे वाचल्याशिवाय आकडा घ्यायचाच नाही.

सोडवण्याची शिस्त अशी ठेवा: प्रत्येक गणिताशेजारी आकडेमोड सुरू करण्याआधी उत्तराचा फक्त घात लिहायचा, अंदाजाने का होईना. मग गणित करायचं. चुकलं तर खोडायचं नाही, समासात भागाकार लिहायचा. दोन-तीन वर्कशीटनंतर समास वाचले की प्रत्येक मुलाची खोड वेगळी दिसते. एकाच्या समासात सतत n(p − 1) येतं, दुसऱ्याची दिशाच उलटी, तिसऱ्याचे सगळे भागाकार १०१.३. तिघांना एकच समजावणी देऊन उपयोग होत नाही, आणि एकच वर्कशीट देऊनही.

खाली तीन चुकलेली उत्तरं देते. आधी स्वतः भागाकार काढून निदान करा, मग पुढे वाचा.

पहिलं: ०.२ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचं २५० मिलिलिटर द्रावण, त्यात मोल किती? वहीतलं उत्तर ५०.

दुसरं: ०.२ मोल प्रति घनडेसीमीटर हे मोल प्रति घनमीटरमध्ये लिहा. वहीतलं उत्तर २.

तिसरं: पाऱ्याची घनता १३.६ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, ती किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये लिहा. वहीतलं उत्तर ०.०१३६.

पहिल्यात बरोबर उत्तर ०.०५, भागाकार 10³. मिलीला n तीन आणि p एक, म्हणजे मिलिलिटरचं लिटर केलंच नाही. दुसऱ्यात बरोबर उत्तर २००, भागाकार 10². डेसीला n एक, घनाला p तीन, उरले दोन, म्हणजे डेसीला घन दिला नाही. तिसऱ्यात बरोबर उत्तर १३,६००, भागाकार 10⁶, आणि इथे दोन निदानं संभवतात. मुलाने हजाराने गुणायच्या ऐवजी भागलं असेल तरी 10⁶ येतं. किंवा त्याने ग्रॅमचे किलोग्रॅम नीट केले आणि खालच्या घनसेंटीमीटरला हातच लावला नाही, तरीही 10⁶ च येतं. नुसत्या भागाकारावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी वहीतली मधली ओळ बघावी लागते. ती ओळ मुलाने लिहिलीच नसेल, तर त्याला जवळ बोलावून तेच गणित तोंडी करायला सांगा. पहिल्या वाक्यात तो "हजाराने भागायचं" म्हणतो की "ग्रॅमचे किलो करायचे" म्हणतो, त्यावर ठरतं.